उणे ०.०६

निफाड तालुक्यातल्या माझ्या भाच्याने द्राक्षबागेच्या मांडवासाठी दहा गेजच्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, तारेचे बंडल आणले, आणि बांधणीला सुरुवात होण्याआधीच शेजारच्या एका अनुभवी बागाईतदाराने तार बोटांत धरून शंका काढली की, ही दहाची वाटत नाही, साडेदहाची असावी. भाचा जवळच्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये गेला, तिथल्या मालकाने व्हर्निअर, म्हणजे दोन जबड्यांत वस्तू धरून तिची जाडी मोजायचे साधन, लावून दिला, आणि दोन फोटो काढून घ्यायला सांगितले : एक जबडे मिटलेले असतानाचा आणि एक तार जबड्यांत धरलेली असतानाचा. ते दोन्ही फोटो गावातल्या बागाईतदारांच्या ग्रुपवर गेले आणि तासाभरात तारेचे तीन व्यास जमा झाले. एकाने ३.१८ मिमी सांगितला, दुसऱ्याने ३.१२, तिसऱ्याने ३.२४. दहा गेज म्हणजे ३.२५ मिमी आणि अकरा गेज म्हणजे २.९५ मिमी हे तिथे सर्वांना तोंडपाठ होते, त्यामुळे ३.१२ हा आकडा दोहोंच्या जवळपास मधोमध पडतो, म्हणजे तार साडेदहाची आहे, म्हणजे दुकानदाराने फसवले, असा निकाल लागायला वेळ लागला नाही. भाच्याचा फोन आला तेव्हा बंडल परत गाडीत चढवण्याची तयारी चालली होती. “मामा, तुम्ही एकदा फोटो बघा आणि मगच मी दुकानात जातो,” एवढेच तो म्हणाला.

मला अस्वस्थ केले ते एका गोष्टीने. त्या तिघांनीही रेघा अचूक वाचल्या होत्या. कोणाचीही नजर चुकलेली नव्हती. तीन उत्तरांमधला सगळा फरक पहिल्या फोटोतल्या एका छोट्या आकड्याचे काय करायचे, यावरून पडला होता.

आधी दुसरा फोटो घेऊ, कारण तो सोपा आहे. त्या व्हर्निअरच्या सरकत्या पट्टीवर ५० भाग आहेत आणि ते मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरमध्ये बसवलेले आहेत. म्हणजे सरकत्या पट्टीचा प्रत्येक भाग ०.९८ मिमीचा, मुख्य पट्टीच्या एका भागापेक्षा ०.०२ मिमीने आखूड, आणि हेच या साधनाचे लघुतम माप. तार धरलेल्या फोटोत सरकत्या पट्टीचे शून्य मुख्य पट्टीवरच्या ३ मिमीच्या रेघेला ओलांडून थोडे पुढे गेले होते. सरकत्या पट्टीवर दर पाचव्या रेघेला १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात; त्यातल्या १ च्या पुढची चौथी रेघ, म्हणजे नववी, मुख्य पट्टीच्या रेघेशी एका सरळ रेषेत दिसत होती. नऊ गुणिले ०.०२ म्हणजे ०.१८, आणि वाचन झाले ३.१८ मिमी. कोरलेल्या रेघेची जाडी ०.०२ मिमीपेक्षा कितीतरी जास्त असते, त्यामुळे नववी जुळते की आठवी, की दहावी, असा संशय फोटोत नेहमीच राहतो. अशा वेळी मी त्या रेघेकडे टक लावून पाहत नाही, तिच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच रेघा सोडून पाहतो. नववी खरोखर जुळत असेल, तर चौथी रेघ आपल्या जोडीदार रेघेच्या ०.१० मिमी उजवीकडे आणि चौदावी तेवढीच डावीकडे सरकलेली दिसली पाहिजे. दोन्हीकडची ही फट सारखी दिसली की मधली रेघ निश्चित होते. फोटो मोठा करून मी ते पाहिले. दोन्ही फटी सारख्या होत्या.

आता पहिला फोटो. जबडे घट्ट मिटलेले, मध्ये काही नाही, तरी सरकत्या पट्टीचे शून्य मुख्य पट्टीच्या शून्यावर थांबलेले नाही, ते त्याच्या किंचित डावीकडे गेले आहे; मिटलेल्या जबड्यांचे हे वाचन म्हणजेच शून्य त्रुटी. जुळणारी रेघ होती ४७ वी. इथे घाईने ४७ गुणिले ०.०२ बरोबर ०.९४ असे करून तीच शून्य त्रुटी मानणारेही मी वर्गात पाहिले आहेत; त्यांच्या हिशेबाने ही तार २.२४ मिमीची झाली असती. मात्र ०.९४ हे वाचन शून्याच्या डावीकडच्या, म्हणजे उणे १ मिमीच्या रेघेपासून पुढे मोजलेले आहे. उणे १ अधिक ०.९४ बरोबर उणे ०.०६. दुसऱ्या शब्दांत, ५० मधून ४७ वजा केले की उरलेल्या तीन भागांचे ०.०६ मिमी होतात आणि त्याला उणे चिन्ह लागते. अनेक व्हर्निअरवर मुख्य पट्टीच्या शून्यामागे पुरेशा रेघा कोरलेल्याच नसतात, त्यामुळे ती उणे १ ची रेघ डोळ्यांना दिसत नाही आणि मनातच धरावी लागते. गोंधळाचे मूळ बहुधा इथेच आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काढली. अकरावीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला हे साधन हातात येते. थंड पोलाद, मशीन ऑइलचा पुसटसा वास, अंगठ्याखाली खरखरणारे चाक, आणि आपण आता मिलिमीटरच्याही आत शिरणार आहोत याचे मुलांच्या चेहऱ्यावरचे कुतूहल. हे सगळे असूनही जर्नलमधल्या ‘शून्य त्रुटी’ या रकान्यात बहुतेक वेळा ‘नाही’ असे लिहिलेले असे, किंवा आधीच्या बॅचच्या मुलांनी त्याच टेबलावर काढलेला आकडा उतरवलेला असे. जी मुले प्रामाणिकपणे त्रुटी काढत, त्यांच्याजवळ एक पाठ केलेला नियम असे : धन असेल तर वजा करा, ऋण असेल तर मिळवा. नियम बरोबर आहे. पण परीक्षा संपली की त्याचा उत्तरार्ध विसरला जातो आणि ‘शून्य त्रुटी वजा करायची’ एवढेच शिल्लक राहते. ग्रुपवरच्या दुसऱ्या माणसाने तेच केले होते. त्याने ०.०६ हा आकडा अचूक काढला, त्याचे चिन्ह मागे ठेवले आणि ३.१८ मधून ०.०६ वजा करून ३.१२ सांगितले. पहिल्याने मिटलेल्या जबड्यांचा फोटो पाहिलाच नव्हता. मला राग आला नाही, मात्र वाईट वाटले, कारण तो दुसरा माणूस काळजी घेणाऱ्यांपैकी होता, आणि खऱ्या व्यासापासून सर्वांत दूरचे उत्तर त्याचेच होते.

नियम विसरला तरी चालेल, पण जबडा किती सरकला एवढे डोळ्यांसमोर आणले पाहिजे. आपल्याला तारेची जाडी हवी आहे आणि तार बसण्यासाठी सरकता जबडा जेवढा हलला तेवढीच ती जाडी आहे. जबडा निघाला कुठून? उणे ०.०६ पासून. पोहोचला कुठे? ३.१८ ला. शून्याच्या अलीकडचे ०.०६ आणि पलीकडचे ३.१८ असे दोन्ही अंतर त्याने कापले, म्हणून ३.१८ वजा उणे ०.०६ बरोबर ३.२४ मिमी. वाण्याच्या तराजूचा काटा पारडी रिकामी असतानाच शून्याच्या मागे असेल, तर दाखवलेल्या वजनात काय करायचे हे कोणालाही शिकवावे लागत नाही. जबड्यांच्या बाबतीतही तेवढेच आहे. चिन्हासह वजाबाकी केली तर धन आणि ऋण असे दोन नियम लक्षात ठेवण्याची गरज उरत नाही.

ऋण त्रुटीचा आणखी एक सापळा आहे, आणि तो या तारेत लागला नाही हे भाच्याचे नशीब. समजा तार बरोबर ३.०४ मिमीची असती. मग याच व्हर्निअरने २.९८ दाखवले असते : सरकत्या पट्टीचे शून्य ३ च्या रेघेला जवळजवळ चिकटलेले, पण किंचित अलीकडे, आणि जुळणारी रेघ ४९ वी. फोटोत ते शून्य ३ वरच आहे असे वाटते, आपण ३ धरतो, त्यात ०.९८ मिळवतो आणि ३.९८ लिहून मोकळे होतो. एका फटक्यात पूर्ण मिलिमीटरची चूक. म्हणून जुळणारी रेघ पन्नासाच्या जवळपास आली, की मी मुख्य पट्टीचे वाचन पुन्हा तपासतो : शून्य जर त्या रेघेच्या जेमतेम जवळ असेल आणि जुळणी शेवटच्या रेघांवर असेल, तर शून्य अजून तिथे पोहोचलेले नाही.

मी ३.२४ कळवले. ग्रुपवरच्या तिसऱ्या माणसाचेही तेच होते. वाद तिथे मिटायला हवा होता, पण मिटला नाही.

भाच्याने वाद कायमचा संपवण्यासाठी, आधीचे फोटो लांबून झूम करून काढलेले आणि जरा पुसट आहेत म्हणून, नवे फोटो काढले. मोबाइल पट्टीपासून वीतभरापेक्षाही जवळ, अंदाजे १५ सेंटीमीटरवर, लेन्स सरकत्या पट्टीच्या बरोबर मध्यावर. रेघा अशा स्वच्छ उमटल्या की बोट लावून मोजाव्यात. आणि त्या स्वच्छ फोटोंमध्ये मिटलेल्या जबड्यांची जुळणारी रेघ ४९ वी होती, तर तार धरलेल्या फोटोत सातवी. म्हणजे त्रुटी उणे ०.०२, वाचन ३.१४ आणि दुरुस्त व्यास ३.१६. तीच तार, तोच व्हर्निअर, तोच हात, आणि या वेळी चिन्हही बरोबर घेतलेले.

या प्रकरणातला खरा शिकण्यासारखा भाग मला इथे वाटतो. अशा साध्या व्हर्निअरमध्ये सरकत्या पट्टीच्या रेघा आणि मुख्य पट्टीच्या रेघा एकाच पातळीत नसतात. सरकत्या पट्टीची कड उतरती घासलेली असते, तरी ती मुख्य पट्टीच्या पृष्ठभागापासून थोडी वर राहते. ही उंची आपण ०.३ मिमी धरू. वरची रेघ तिरपी पाहिली, तर ती खालच्या पट्टीवर आपल्या जागेपासून सरकलेली दिसते, हाच पॅरॅलॅक्स. डोळ्याने वाचताना आपण डोके हलवत प्रत्येक रेघेच्या डोक्यावर येतो, पण कॅमेरा एकाच जागी असतो आणि पन्नासच्या पन्नास रेघा तिथूनच टिपतो. लेन्सच्या बरोबर खाली असलेली पंचविसावी रेघ तेवढी सरळ दिसते. ४७ वी रेघ लेन्सच्या उजवीकडे जवळजवळ २२ मिमी आहे, त्यामुळे ती आणखी उजवीकडे, बाहेरच्या दिशेने सरकलेली दिसते, आणि किती ते त्रिकोणाच्या प्रमाणावरून निघते : ०.३ गुणिले २२ भागिले १५०, म्हणजे सुमारे ०.०४ मिमी. नववी रेघ लेन्सच्या डावीकडे १६ मिमीच्या आसपास, ती डावीकडे सरकते, ०.०३ मिमीने. दोन्ही सरकणी विरुद्ध दिशांना आहेत. एका फोटोत जबडा आहे त्यापेक्षा जास्त उघडा भासला, दुसऱ्यात कमी, आणि वजाबाकीत ते दोन्ही दोष एकमेकांत मिळाले. ०.०७ च्या आसपासचा हा फरक पूर्ण रेघांत वाचताना ०.०८ झाला आणि ३.२४ चे ३.१६ झाले.

हाच फोटो अर्ध्या मीटरवरून झूम करून काढला, तर तेच अंतर भागिले ५०० होते आणि ४७ व्या रेघेची सरकण ०.०१३ मिमीवर येते, म्हणजे लघुतम मापाच्याही आत. म्हणून वर्कशॉपमध्ये हात लांब करून काढलेले पुसट फोटो जास्त विश्वासार्ह होते. लांबून काढलेल्या फोटोचा आणखी एक गुण आहे : कॅमेरा थोडा तिरका असला, तरी सगळ्या रेघा सारख्याच तिरक्या दिसतात, आणि दोन्ही फोटो त्याच कोनातून घेतले असतील, तर तो तिरकेपणा शून्य त्रुटीतही तेवढाच येतो आणि वजाबाकीत आपोआप निघून जातो. जवळच्या फोटोत मात्र दोन्ही वेळा जुळणारी रेघ पट्टीच्या वेगवेगळ्या टोकांना येऊ शकते, आणि मग काहीच कटत नाही. जवळूनच फोटो काढायचा असेल, तर आधी डोळ्याने अंदाजे जुळणारी रेघ शोधावी आणि लेन्स त्या रेघेच्या डोक्यावर आणावी, मग ती रेघ पट्टीच्या कोणत्याही टोकाला असो.

एवढे समजावून सांगितल्यावरही भाच्याने विचारलेला प्रश्न रास्त होता. “मग मामा, मुळात शून्य मागे का गेलं? व्हर्निअरच खराब असेल, तर त्याची दुरुस्ती करून तरी काय भरवसा?” जबड्यांमध्ये धूळ किंवा लोखंडाचा कीस अडकला, तर ते पूर्ण मिटत नाहीत आणि त्रुटी धन येते, ती कागदाचा कपटा जबड्यांत हलका दाबून ओढून काढला की पुष्कळदा नाहीशी होते. ऋण त्रुटी बहुधा जबडे वर्षानुवर्षे घासल्याने येते, कारण झिजलेला जबडा शून्याच्याही पलीकडे जाऊन टेकतो. संपूर्ण पृष्ठभाग सारखा झिजला असेल, तर उणे ०.०६ ची दुरुस्ती पूर्ण आणि निर्दोष आहे, त्यात काही डागडुजी नाही. पण जबडा एकाच जागी झिजून तिथे खळगा पडला असेल, तर शून्य त्रुटी आपल्याला काहीच सांगत नाही. मिटताना जबडे खळग्याच्या आजूबाजूच्या न झिजलेल्या भागावर टेकतात, शून्य बरोबर दिसते, आणि तार मात्र नेमकी त्या खळग्यात बसते व खळग्याच्या खोलीएवढी बारीक भरते. जिथे दिवसभर सळ्या आणि तारा मोजल्या जातात अशा वर्कशॉपमधल्या साधनात हे घडू शकते. त्याची तपासणी सोपी आहे : जबडे मिटून खिडकीकडे धरायचे. प्रकाशाची बारीक फट सगळीकडे सारखी असेल किंवा अजिबात दिसत नसेल, तर ठीक. मध्येच उजेड फाकलेला दिसला, तर ती जागा टाळून तार दुसरीकडे धरायची. टोकाकडे धरू नये, मुख्य पट्टीच्या जवळ धरावी, कारण टोकाशी दाब दिला की सरकता जबडा किंचित कलतो आणि माप कमी येते. भाच्याने तपासले. टोकाशी थोडा उजेड होता, तार धरलेल्या जागी नव्हता.

तरीही मला फोटोंच्या बाहेरचा एक साक्षीदार हवा होता आणि तो स्वयंपाकघरात होता. मी भाच्याला तारेचा तुकडा सरळ करून टेपने बरोबर २ मीटर कापायला आणि घरच्या डिजिटल काट्यावर ठेवायला सांगितले. पोलादाची घनता ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. जस्ताचा मुलामा इतका पातळ असतो की इथे तो सोडून दिला तरी चालतो. ३.२४ मिमी व्यासाची तार असेल, तर २ मीटरचे वजन १२९ ग्रॅम यावे, ३.१६ असेल तर १२३, आणि ३.१२ असेल तर १२०. काट्याने १२९ ग्रॅम दाखवले. उलट हिशेब केला की व्यास ३.२३ मिमी निघतो. काटा एका ग्रॅमने इकडेतिकडे असला, तरी व्यासात ०.०१ मिमीच्या थोडा वर फरक पडतो, त्यामुळे ३.२३ आणि ३.२४ यांत भांडण नाही, पण ३.१६ आणि ३.१२ दोन्ही बाद होतात. वजन क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या, म्हणून व्यासातली पावणेचार टक्क्यांची चूक वजनात सुमारे सव्वासात टक्क्यांची होऊन समोर येते. तार किलोवर विकली जाते, त्यामुळे बारीक तारेत पैसे बुडत नाहीत, उलट लांबी थोडी जास्तच मिळते. बुडते ती ताकद, आणि तीही क्षेत्रफळाबरोबर, म्हणजे याच सव्वासात टक्क्यांनी. घड भरल्यावर मांडवावर येणारा भार ज्याने पाहिला आहे, त्याला हा आकडा लहान वाटणार नाही.

बंडल परत गेले नाही. भाच्याने मग मी सांगितल्याप्रमाणे तारेवर तीन जागा निवडल्या, जस्ताचा गुठळा जमलेली जागा सोडून दिली, आणि प्रत्येक जागी तार पाव वळसा फिरवून दोनदा मापली, कारण तार ओढताना ती तंतोतंत गोल उतरेल याची खात्री नसते. दुरुस्तीनंतरची मापे ३.२२ ते ३.२६ च्या दरम्यान आली आणि सरासरी ३.२४. ते ग्रुपवर कसे लिहायचे हे त्याने विचारले, तेव्हा मी वाचन, शून्य त्रुटी आणि दुरुस्त व्यास असे तिन्ही वेगवेगळे लिहायला सांगितले, म्हणजे कोणाला चिन्हाची शंका आली, तर त्याला मूळ आकड्यांवरून स्वतः हिशेब करता येईल : वाचन ३.१८, शून्य त्रुटी उणे ०.०६, व्यास ३.२४ अधिक-उणे ०.०२ मिमी. ३.२४० असे लिहू नकोस, हेही सांगितले, कारण तो शेवटचा शून्य या साधनाने पाहिलेलाच नाही. एवढ्यावरून ही तार साडेदहाची नाही, दहाची आहे, हे ठामपणे म्हणता येते. ती ३.२५ च्या किती जवळ आहे, हे विचारायचे असेल, तर त्यासाठी स्क्रूगेज लागेल, आणि त्याचीही शून्य त्रुटी आधी पाहावी लागेल.